बारा पॉइंटांचं कर्ज

इंजिनीअरिंग कॉलेजात एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं: ‘पहिल्या सेमचे ग्रेड जास्त मोजले जातात.’ सीनियर ते दम दिल्यासारखं सांगतात, प्राध्यापक हजेरी वाढावी म्हणून सांगतात, आणि घरचे त्या दोघांकडून ऐकून सांगतात. वर्षभरानं याच मुलांना एकदम उलट वाक्य ऐकू येतं: ‘आता काही होत नाही, सीजीपीए हलायचा बंद झालाय.’ दोन्ही वाक्यांच्या मुळाशी एकच गणित आहे. पण ते गणित काय म्हणतं आणि काय म्हणत नाही, हे फारसं कुणी बसून तपासत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. गेली दोन वर्षं आमच्या कंपनीच्या कँपस भरतीत मदत करते, त्यामुळे दर जुलैमध्ये कॉलेजांकडून आलेल्या एक्सेलच्या याद्या माझ्यासमोर उघडतात. त्या याद्यांमध्ये सीजीपीएचा एक रकाना असतो आणि त्या रकान्याला एक फिल्टर लावलेला असतो: सात किंवा त्याहून जास्त. या लेखात माझं भांडण त्या फिल्टरशी आहे. सरासरीच्या गणिताशी नाही, कारण ते निर्दोष आहे. त्यातला एक अर्धवट आकडा अर्ध्या वाटेवर उचलून त्याला अंतिम निकालाचा मान देणारे आपण आहोत.

भागाकार मोठा होत जातो

आधी गणित पाहू, ते दोन मिनिटांचं आहे. प्रत्येक विषयाला क्रेडिट असतात आणि मिळालेल्या ग्रेडला पॉइंट असतात. यूजीसीच्या दहा पॉइंटांच्या श्रेणीत ‘ओ’ला १०, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८, ‘बी प्लस’ला ७, आणि अशी उतरत उतरत काठावर पास होणाऱ्या ‘पी’ला ४ मिळतात. काही विद्यापीठांत अक्षरं बदलतात, हिशोब तोच राहतो. विषयाचे क्रेडिट गुणिले ग्रेडचे पॉइंट, या सगळ्यांची बेरीज, आणि तिला आतापर्यंतच्या एकूण क्रेडिटनी भागायचं.

```
CGPA = Σ(C × G) / ΣC
```

या सूत्रात ‘सत्र’ नावाची गोष्टच नाही, हे लक्षात घ्या. पहिलं सेम, आठवं सेम असा भेद ते करत नाही. त्याला फक्त क्रेडिट आणि पॉइंट कळतात. मग पहिल्या सेमचा ग्रेड जास्त दुखतो कसा?

समजा दोन जुळ्या बहिणी आहेत, पाच मिनिटांच्या अंतरानं जन्मलेल्या. एकीला थोरली म्हणू, दुसरीला धाकटी. दोघी एकाच कॉलेजात, एकाच शाखेत. चार वर्षांची आठ सत्रं, प्रत्येक सत्रात २० क्रेडिट, एकूण १६०. (एआयसीटीईच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमातही एकूण १६० क्रेडिटच आहेत.) दोघींचा अभ्यास सारखा, डोकं सारखं. फरक एकच. पहिल्या सेमला इंजिनीअरिंग मॅथेमॅटिक्स म्हणजे एम-वन हा चार क्रेडिटचा पेपर असतो. त्यात धाकटीला ‘बी प्लस’ मिळतो, म्हणजे ७. थोरलीला ‘पी’ मिळतो, म्हणजे ४. बाकी सगळे विषय दोघींना सारखेच गेले आहेत.

तीन पॉइंटांचा फरक गुणिले चार क्रेडिट, म्हणजे बारा. थोरली बारा पॉइंटांनी मागे पडली. हा बाराचा आकडा शेवटपर्यंत लक्षात ठेवा, कारण तो शेवटपर्यंत बदलणार नाही.

पहिल्या सेमला धाकटीचा सीजीपीए ७.०० आहे आणि थोरलीचा ६.४०. बारा पॉइंट वीस क्रेडिटवर वाटले गेले, म्हणून फरक ०.६० पडला. पुढच्या प्रत्येक सेममध्ये दोघींना ७.१० मिळतात असं धरू. आता त्याच जुन्या बारा पॉइंटांमुळे दोघींच्या सीजीपीएत पडणारा फरक पाहा:

पहिल्या सेमनंतर ०.६०
दुसऱ्यानंतर ०.३०
तिसऱ्यानंतर ०.२०
चौथ्यानंतर ०.१५
पाचव्यानंतर ०.१२
सहाव्यानंतर ०.१०

वर कायम बाराच आहेत. खाली वीस, चाळीस, साठ असं वाढत चाललंय. थोरलीनं दुसऱ्या सेममध्ये धाकटीपेक्षा एक पॉइंटही जास्त मिळवलेला नाही, तरी फरक निम्म्यावर आला. तिनं काही भरून काढलं नाही; फक्त तोच खड्डा जास्त रुंद मैदानात दिसायला लागला.

‘पहिल्या सेमचा ग्रेड जास्त दुखतो’ याचा अर्थ इतकाच आहे. पहिल्या सेममध्ये चार क्रेडिटचा पेपर म्हणजे तोवरच्या एकूण शिक्षणाचा पाचवा भाग असतो. आठव्या सेममध्ये तोच पेपर एकूण शिक्षणाचा चाळिसावा भाग असतो. पाचव्या भागाला तडा गेला की सगळी भिंत हलल्यासारखी वाटते. चाळिसाव्या भागाला गेला तर रंगाचा पोपडा उडाल्यासारखं वाटतं.

शेवटी दोघी एकाच ठिकाणी

आता गोष्ट पुढे नेऊ. आठव्या सेममध्ये धाकटीचा एक पेपर बिघडला. चार क्रेडिटचाच, आणि ‘बी प्लस’ऐवजी ‘पी’ आला. म्हणजे तिचेही बारा पॉइंट गेले. त्या सेमला तिला ७.१० ऐवजी ६.५० मिळाले. तिचा सीजीपीए सातव्या सेमनंतर ७.०९ होता, तो ७.०१ झाला. घसरण सातआठ शतांशांची. घरी कुणाच्या लक्षातही येणार नाही.

आणि थोरलीचा शेवटचा सीजीपीए? एकूण पॉइंट ११२२, एकूण क्रेडिट १६०, म्हणजे ७.०१. धाकटीचे एकूण पॉइंटही ११२२ च. दोघींच्या पदवीवर तोच आकडा आहे, शेवटच्या दशांशापर्यंत तोच.

हे जरा थांबून बघायला हवं, कारण बहुतेक मुलांचा इथे गैरसमज असतो. त्यांना वाटतं की सुरुवातीचा खराब ग्रेड सीजीपीएमध्ये कायमचा जड बसतो आणि शेवटचा खराब ग्रेड हलका. तसं नाही. पदवीच्या कागदावर दोन्हींचं वजन काटेकोर सारखं आहे. पेपर लवकर बिघडला की उशिरा, याला अंतिम बेरजेत काही किंमत नाही. बेरीज क्रम विसरते. पाच अधिक तीन आणि तीन अधिक पाच यांत जेवढा फरक, तेवढाच या दोन बहिणींत.

किंमत आहे ती पेपरच्या क्रेडिटना. शेवटच्या वर्षी आठ क्रेडिटचा प्रोजेक्ट असेल आणि त्यात तेच तीन पॉइंट गेले, तर नुकसान बाराचं नाही, चोवीस पॉइंटांचं होतं, आणि अंतिम सीजीपीए ०.१५ नं उतरतो. ते एम-वनच्या ‘पी’च्या बरोबर दुप्पट आहे. ‘शेवटच्या सेमला काही फरक पडत नाही’ म्हणणाऱ्यांनी आपल्या प्रोजेक्टचे क्रेडिट एकदा बघावेत.

म्हणून मी याला कर्ज म्हणते, पण बिनव्याजी कर्ज. बारा पॉइंटांचं कर्ज दुसऱ्या सेममध्ये बाराचंच असतं आणि आठव्यातही बाराचंच. फेडायला चार क्रेडिटच्या तीन पेपरांत एकेक ग्रेड वर चढावं लागतं: ‘बी प्लस’च्या जागी तीनदा ‘ए’. हे तीन पेपर दुसऱ्या सेमचे असोत की सातव्या, हप्ता तेवढाच. उशीर झाला म्हणून एक पॉइंटही वाढत नाही. पहिल्या सेमचा निकाल हातात घेऊन रडणाऱ्या मुलाला ‘आता चार वर्षं भोग’ असं सांगणारा माणूस त्याला नसलेलं व्याज लावतोय.

नापास विषयाची गोष्ट वेगळी. तिथे शून्य पॉइंट पडतात आणि केटी सुटल्यावर जुन्या ग्रेडच्या जागी नवा धरायचा की नाही, धरला तर वरची मर्यादा घालायची की नाही, हे ज्या त्या विद्यापीठाच्या नियमांवर असतं. मी इथे बोलतेय ती पास झालेल्या, पण कमी ग्रेड मिळालेल्या पेपरबद्दल, कारण त्या पेपरला सहसा दुसरी संधी नसते. तो आहे तसा बेरजेत बसतो.

न हलणारा काटा

मग तिसऱ्या वर्षाचं ते दुसरं वाक्य, ‘सीजीपीए हलायचा बंद झालाय’? तेही खरं आहे, आणि त्याचं कारण तेच आहे. ज्या मोठ्या भाजकामुळे उशिराचा खराब ग्रेड दुखत नाही, त्याच मोठ्या भाजकामुळे उशिराचा चांगला ग्रेडही काही उचलत नाही. काटा दोन्ही बाजूंना जड होतो.

एक साधं उदाहरण. पहिल्या सेमनंतर एखाद्याचा सीजीपीए ६.५० आहे आणि त्याला एका सेममध्ये ७.०० वर यायचंय. दुसऱ्या सेममध्ये ७.५० मिळवले की झालं. अवघड, पण होण्यासारखं. आता तोच ६.५० सहाव्या सेमनंतर आहे. एका सेममध्ये ७.०० वर यायला सातव्यात किती हवेत? हिशोब मांडा. हातात १२० गुणिले ६.५०, म्हणजे ७८० पॉइंट. हवेत १४० गुणिले ७, म्हणजे ९८०. फरक २०० पॉइंटांचा, आणि सेम २० क्रेडिटची. म्हणजे दहापैकी दहा. प्रत्येक विषयात, प्रत्येक प्रॅक्टिकलमध्ये ‘ओ’. एकातही ‘ए प्लस’ आला तरी सात गाठता येत नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, मग कर्ज बिनव्याजी कसं? बिनव्याजीच आहे. या मुलाचं कर्ज साठ पॉइंटांचं आहे: १२० क्रेडिट गुणिले अर्धा. पहिल्या सेमनंतर ६.५० असलेल्याचं कर्ज फक्त दहाचं होतं. आकडा दोघांचा सारखा दिसतो, पण त्यामागची रक्कम सहापट वेगळी आहे. सीजीपीए ही रक्कम दाखवत नाही, तो फक्त भागाकार दाखवतो. म्हणून तुमच्या मार्कशीटवर सीजीपीए दिसला की त्याला एकूण क्रेडिटनी गुणून बघा. मनातल्या मनात सेम-दर-सेम तुलना करायची असेल तर भागाकाराची नको, पॉइंटांची करा. कुठे उभे आहात ते तिथे कळतं.

जुलैमधला दरवाजा

इथवर सगळं न्याय्य आहे. दोघी बहिणींचा एकेक पेपर बिघडला, दोघींना शेवटी ७.०१ मिळाले. मग भांडण कशाचं?

भांडण याचं की शेवटपर्यंत कुणी थांबत नाही.

कँपस प्लेसमेंट सातव्या सेमच्या सुरुवातीला होते. कंपन्या जुलै-ऑगस्टमध्ये येतात आणि त्यांच्या हातात सहाव्या सेमपर्यंतचा सीजीपीए असतो. कटऑफ सातचा आहे असं धरू. थोरलीचे तेव्हा १२० क्रेडिटवर ८३८ पॉइंट, म्हणजे ६.९८. धाकटीचे ८५०, म्हणजे ७.०८. फिल्टर लावला जातो. धाकटी यादीत राहते, थोरलीची ओळ एक्सेलच्या पडद्यावरून नाहीशी होते.

पुढचं वाचा. सातव्या सेमचा निकाल लागतो तेव्हा थोरलीचे १४० क्रेडिटवर ९८० पॉइंट होतात, म्हणजे बरोबर ७.००. तिनं काही वेगळं केलेलं नाही, नेहमीसारखेच ७.१० मिळवलेत. ती रेषेवर पोहोचते, पण तोवर मोठ्या कंपन्या येऊन गेलेल्या असतात. धाकटीचा पेपर बिघडतो तो ऑफर लेटर हातात आल्यावर, आणि त्यानं तिचं काही बिघडत नाही.

म्हणजे दोन मुलींनी चार वर्षांत सारखंच काम केलं, सारखीच चूक केली, सारखीच पदवी घेतली. एकीला मुलाखतीच्या खोलीत जाता आलं, दुसरीला नाही. कारण एकीनं चूक पहिल्या सेममध्ये केली आणि दुसरीनं आठव्या. हा निकाल गणितानं दिलेला नाही. तो एका तारखेनं दिला. सूत्राला क्रम माहीत नव्हता; आपण मध्येच खिडकी उघडून बघितलं आणि क्रम जन्माला घातला.

जितकी लवकर खिडकी उघडाल तितका हा अन्याय मोठा होतो. दुसऱ्या वर्षानंतरच्या इंटर्नशिपसाठी सीजीपीए बघितला, तर तोच एम-वन ०.१५ चा असतो. शाखाबदल पहिल्या वर्षानंतर होतो तिथे तो ०.३० चा असतो. मेकॅनिकलमधून कॉम्प्युटरला जायचं की नाही, म्हणजे पुढचं अख्खं करिअर, ज्या क्षणी ठरतं त्या क्षणी एका पेपरचं वजन अंतिम वजनाच्या चौपट असतं. काही आयआयटींनी अलीकडे शाखाबदल बंद केला. त्यामागे त्यांची जी काही कारणं असतील ती असोत, पण एवढ्या छोट्या भाजकावर एवढा मोठा निर्णय टेकवणं मुळातच चुकीचं होतं असं माझं मत आहे.

पहिलं सेम नेमकं काय मोजतं

‘पण मग पहिल्या सेमला नीट अभ्यास करावा की!’ हे उत्तर मला नेहमी मिळतं. भरतीच्या बैठकीतही मिळालं होतं, एका वरिष्ठांकडून, चहाचा कप खाली न ठेवता. या उत्तराला उत्तर द्यायला हवं.

पहिलं सेम ही इतर सात सेमसारखी सेम नसते. महाराष्ट्रात इंजिनीअरिंगचे प्रवेश सीईटीच्या कॅप फेऱ्यांतून होतात. फेऱ्या लांबल्या की वर्ग उशिरा सुरू होतात, आणि शेवटच्या फेरीत आलेली मुलं तर बाकीच्यांचं दुसरं युनिट चालू असताना वर्गात येऊन बसतात. त्यांच्यातलीच काही मराठी माध्यमातून आलेली असतात. फळ्यावरचं सूत्र ओळखीचं असलं तरी त्याच्या भोवतीची बडबड त्यांना कळेनाशी होते. काही मुलं पहिल्यांदा घर सोडून आलेली असतात. त्यात विषयही असे की ज्याला कोड लिहायचंय तो ड्रॉइंग शीटवर प्रोजेक्शन काढतोय आणि ज्याला यंत्रं बनवायचीत तो केमिस्ट्रीचं जर्नल पुरं करतोय.

म्हणजे ज्या सेममध्ये मुलाचा ग्रेड त्याच्या कुवतीबद्दल सगळ्यात कमी सांगतो, त्याच सेमचा ग्रेड तात्पुरत्या आकड्यात सगळ्यात मोठा दिसतो. आणि हा ग्रेड कुणाचा बिघडतो? ज्याच्या घरात आधीच इंजिनीअर आहे, ज्यानं लहानपणापासूनच इंग्रजी पुस्तकं हाताळलीत, त्याचा कमी बिघडतो. पहिल्यांदा कॉलेजात पाय ठेवणाऱ्या घरातल्या मुलाचा जास्त. फिल्टर लावणाऱ्याला वाटतं तो हुशारी गाळतोय. निदान रेषेच्या आसपास तरी तो बऱ्याचदा वाट किती खडबडीत होती तेच गाळत असतो.

मग पहिलं वर्ष काढूनच टाकायचं?

बाहेर काही ठिकाणी हे झालेलं आहे. इंग्लंडमधल्या अनेक विद्यापीठांत पहिलं वर्ष उत्तीर्ण व्हावं लागतं, पण पदवीचा वर्ग ठरवताना त्याचे गुण धरत नाहीत. अमेरिकेत एमआयटीमध्ये नव्या विद्यार्थ्याच्या पहिल्या सत्रात ग्रेडऐवजी फक्त ‘उत्तीर्ण’ अशी नोंद होते, आणि जो विषय जमला नाही त्याची बाहेर जाणाऱ्या गुणपत्रकात नोंदच येत नाही. या संस्थांना पहिल्या सत्राची किंमत कळत नाही असं कुणी म्हणणार नाही. उलट, ती रुळण्याची वेळ आहे हे त्यांनी नियमात लिहून ठेवलं.

मला हे आवडतं. पण आपल्याकडे जसंच्या तसं आणा असं मी म्हणणार नाही, कारण त्यातही गणिताची एक खोच आहे आणि ती लपवून वाद जिंकण्यात अर्थ नाही. पहिल्या वर्षाचे ४० क्रेडिट काढून टाकले, तर सहाव्या सेमनंतर हातात ८० च उरतात. भाजक पुन्हा लहान झाला. मग तिसऱ्या सेममध्ये ज्याचा एक पेपर बिघडला त्याचे बारा पॉइंट ०.१० च्या ऐवजी ०.१५ नं दुखायला लागतात. थोरलीला वाचवताना आपण दुसऱ्या कुणालातरी रेषेखाली ढकलू. तिसऱ्या सेममध्ये कावीळ झालेला मुलगा म्हणेल, माझं काय? त्याच्याकडे उत्तर मागायला जागा आहे.

दुसरा आक्षेप कंपन्यांचा. ‘हजार अर्ज येतात, रेषा कुठेतरी ओढावीच लागते.’ मान्य. रेषेच्या अलीकडे नेहमीच कुणीतरी असणार, हेही मान्य. माझा प्रश्न एवढाच आहे: रेषा ओढणाऱ्याला आपली पट्टी किती बारीक मोजू शकते हे माहीत आहे का? दर्जी फूटपट्टीनं कापड मोजताना सुताच्या जाडीवर भांडत नाही. सहाव्या सेमनंतर १२० क्रेडिटवर एका चार क्रेडिटच्या पेपरातला तीन पॉइंटांचा फरक म्हणजे ०.१०. याचाच अर्थ असा की ६.९० आणि ७.०० यांच्यामध्ये जो काही फरक आहे तो एका पेपराइतका आहे. एका पेपराइतका फरक म्हणजे एक ताप, एक घरचं आजारपण, एक उशिरा आलेली कॅप फेरी. त्याच्या खाली आपली पट्टी काही सांगत नाही. दोन दशांशांपर्यंत आकडा छापला म्हणून दोन दशांशांपर्यंत माणूस कळतो असं होत नाही.

एका पेपराची सूट

म्हणून माझी मागणी छोटी आहे आणि ती उद्या अमलात आणता येईल. कटऑफ लावा, पण एका पेपराची सूट द्या. सातचा कटऑफ असेल तर सहाव्या सेमनंतर फिल्टर ६.९० वर लावा, आणि ६.९० ते ७.०० मधल्या ओळी डोळ्यांनी वाचा. दुसऱ्या वर्षानंतरच्या इंटर्नशिपला भाजक ८० असतो, तिथे हीच सूट ०.१५ ची करा. सूट किती हवी हे मनानं ठरवायची गरज नाही. बाराला क्रेडिटनी भागा, आकडा समोर येतो.

त्या पट्ट्यातल्या ओळी वाचताना काय बघायचं? सीजीपीए नको, सेम-दर-सेमचे एसजीपीए बघा. थोरलीचे असतात ६.४, ७.१, ७.१, ७.१, ७.१, ७.१. एकदा घसरून सावरलेली आणि मग सपाट चाललेली ओळ. दुसरा एखादा मुलगा असेल ७.६, ७.४, ७.१, ६.९, ६.६, ६.४. त्याची सरासरी येते बरोबर ७.००. फिल्टर त्याला आत घेतो आणि थोरलीला बाहेर ठेवतो. मी त्या मुलाला बाहेर काढा म्हणत नाही. त्याच्या घरी काय चाललंय मला माहीत नाही. पण उद्या कामावर येणाऱ्या माणसाबद्दल अंदाज बांधायचा असेल, तर या दोघांत थोरली मागे कशी, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. सहा आकडे आधीच यादीत असतात. फिल्टर लावणारा त्यातला एकच रकाना बघतो, कारण तो वाचायला सोपा आहे.

आमच्या कंपनीत मी ही मागणी मांडली. ‘मग ६.८९ वाला काय म्हणेल?’ असं विचारलं गेलं. तो म्हणेल की मी एका पेपराहून जास्त मागे आहे. हे वाक्य निदान खरं आहे. आज ६.९८ वालीला आपण जे सांगतो, ‘तू पात्र नाहीस,’ ते खरं नाही. ती अजून पात्र व्हायची आहे, आणि एका सेममध्ये होणार आहे, तेही नेहमीचंच काम करून. यंदा ०.०५ ची सूट मिळाली. बारा भागिले दोनशे चाळीस, म्हणजे अर्ध्या पेपराची. अर्धा पेपर कुणाचा बिघडतो मला ठाऊक नाही, पण ६.९८ त्यात बसतो.

आणि कॉलेजांना एक विनंती. मार्कशीटवर सीजीपीएच्या शेजारी एकूण पॉइंट आणि एकूण क्रेडिट ठळक छापा, आणि पहिल्या सेमचा निकाल देताना मुलांना ते दोन आकडे वाचायला शिकवा. एम-वन शिकवणाऱ्या विभागाला सरासरी कशी हलते हे समजावायला एक तास पुरेल. ‘पहिल्या सेमचे ग्रेड जास्त मोजले जातात’ हे वाक्य त्या तासाला फळ्यावर लिहा, आणि खाली दुरुस्ती करा: मोजले जातात तेवढेच, फक्त लवकर बघितले जातात.

पहिल्या वर्षात असाल आणि हातात एखादा ‘पी’ पडला असेल, तर सीजीपीए किती घसरला ते बघू नका, पॉइंट किती गेले ते काढा. बारा गेले असतील तर बाराच परत आणायचेत, आणि ते चढत नाहीत. पण ते जुलैच्या आत आणायचेत, आठव्या सेमच्या आत नाही. ही मुदत गणितानं घातलेली नाही, आम्ही घातली आहे. म्हणून ती बदलताही येईल.